मोबदल्याचे साठ लाख आणि आधीच लिहिलेले अपयश

समृद्धी महामार्गासाठी वर्धा जिल्ह्यातील सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा थेट खरेदीच्या पद्धतीत शेतकऱ्यांना रेडी रेकनर दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला, आणि ज्या घरांचा सारा हिशेब आजवर कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर चालत आला होता त्या घरांपुढे एकरकमी मोठा पैसा सांभाळण्याचा प्रश्न प्रथमच उभा राहिला. अशा पैशाची योजना बहुधा एकाच बैठकीत ठरते आणि ती यशस्वी होणार हे गृहीत धरूनच ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी 2007 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये याच्या नेमकी उलट पद्धत मांडली. तिला प्री-मॉर्टेम म्हणतात. योजना अमलात आणण्यापूर्वीच ती फसली आहे असे मानायचे आणि ती का फसली याची कारणे लिहून काढायची, असे तिचे स्वरूप आहे.

या पद्धतीचे मर्म भूतकाळात लिहिण्यात आहे. ‘काही अडचण येईल का’ असे विचारले तर घरातील कर्त्या पुरुषापुढे सून किंवा मुलगी सहसा गप्प राहते. परंतु ‘2035 साल आहे, पैसा संपला आहे, तो कसा संपला ते लिहा’ असे सांगून प्रत्येकाला वेगळा कागद दिला, आणि सर्वांचे वाचून होईपर्यंत कर्त्याने बोलायचे नाही असे ठरवले, तर शंका घेणे हा उद्धटपणा न राहता नेमून दिलेले काम होते. प्रत्येक कारणापुढे मग तीन गोष्टी लिहाव्या लागतात: ते घडू लागल्याची पहिली खूण, त्यावरचा आधीच ठरवलेला नियम आणि तो नियम पाळणारी व्यक्ती.

उदाहरणादाखल सेलू तालुक्यातील एक कल्पित कुटुंब घेता येईल. पती-पत्नी पन्नाशीतले, मुलगा शेतीत, मुलगी लग्न होऊन सासरी. मोबदला साठ लाख. वीस लाखांत घर बांधायचे, उरलेले चाळीस लाख ओळखीच्या एका बँकेत सात टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी ठेवायचे आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या दोन लाख ऐंशी हजारांवर, म्हणजे महिन्याला सुमारे तेवीस हजारांवर, घर चालवायचे, अशी त्यांची योजना आहे.

अपयशाच्या यादीत पहिले कारण ‘बँक बंद पडली’ हेच येते, आणि वर्धा जिल्ह्यात ते कल्पनेतले नाही. 2002 साली उघडकीस आलेल्या होम ट्रेड प्रकरणात सरकारी रोख्यांसाठी पैसे देऊनही रोखे न मिळालेल्या सहकारी बँकांमध्ये नागपूरबरोबर वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही होती. पुढे देशातील ज्या 23 जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळू शकला नव्हता त्यांच्यातही नागपूर आणि बुलढाण्यासह वर्ध्याचे नाव होते, आणि त्यांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्र सरकारला 2014 साली स्वतंत्र योजना मंजूर करावी लागली. दरम्यानच्या काळात ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांचे दुःख रक्कम बुडण्याइतकेच वेळ निघून जाण्याचे होते, कारण मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च पुनरुज्जीवनाची वाट पाहत थांबत नाही.

यावरचा नियम ठेव विम्याच्या मर्यादेतून निघतो. ही मर्यादा 1993 पासून एक लाख होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली. ती प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला लागू होते, एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र मोजल्या जातात, आणि त्या पाच लाखांत मुद्दलाबरोबर व्याजही धरले जाते. त्यामुळे साडेचार लाखांची पुनर्गुंतवणूक ठेव सात टक्के दराने सुमारे दीड वर्षातच मर्यादेला टेकते. व्याज दर तिमाहीला खात्यात काढून घेतले तर हा प्रश्न उद्भवत नाही. पतीचे एकट्याचे, पत्नीचे एकटीचे आणि दोघांचे संयुक्त खाते स्वतंत्र धरले जात असल्याने एका बँकेत तिन्ही खाती मिळून पंधरा लाखांपर्यंत संरक्षण मिळू शकते. पतसंस्थांच्या ठेवींना मात्र हा विमा लागूच नाही. एखादी पतसंस्था एक-दीड टक्का जास्त व्याज देते तेव्हा तो फरक बहुतांशी याच उणिवेची किंमत असते, आणि बैठकीत हे वाक्य स्पष्ट उच्चारले गेले पाहिजे.

तथापि एका कारणावरचा उपाय कधीकधी दुसरे कारण जन्माला घालतो. चाळीस लाखांच्या नऊ ठेवी तीन बँकांत विभागल्या, तर ‘कर्ता गेला आणि कुठे काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते’ हे अपयश अधिक जवळ येते. येथे टपाल खात्याची मासिक प्राप्ती योजना उपयोगी पडते. तिला केंद्र सरकारची हमी आहे आणि संयुक्त खात्यात पंधरा लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. म्हणून दुरुस्त योजनेत पंधरा लाख टपाल खात्यात आणि पंधरा लाख दोन बँकांतील मोजक्या ठेवींत जातात.

दुसरे कारण पेरणीचे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला. असे एक वर्ष आले, की पीककर्ज थकते, जूनमध्ये बियाण्याला पैसा नसतो आणि दीर्घ मुदतीची ठेव मोडावी लागते किंवा सावकाराचे दार गाठावे लागते. याची खूण निश्चित आहे: 31 मार्च उलटूनही पीककर्ज भरलेले नसणे. वेळेत फेडल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते, ती थकबाकीदाराला मिळत नाही. म्हणून दोन हंगामांच्या लागवडीचे चार लाख वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्यातून पीककर्ज वेळेवर भरण्याची जबाबदारी मुलाकडे द्यायची.

महागाईचे कारण थोडक्यात मांडता येते: भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढले, तर आजच्या तेवीस हजारांची खरेदीशक्ती दहा वर्षांनी सुमारे चौदा हजारांइतकी उरते. उरलेले सहा लाख निर्देशांकाला बांधलेल्या म्युच्युअल फंडात दहा वर्षे न हलवण्याच्या नियमाने ठेवावेत. मात्र व्याज आता तीस लाखांवरच मिळणार असल्याने महिन्याचा खर्च सुमारे साडेसतरा हजारांत बसवावा लागतो, आणि हे कुटुंबाने आजच मान्य करणे भाग आहे.

वारशाविषयीचा समज अनेक घरांत चुकीचा असतो. नॉमिनी, म्हणजे ठेवीदाराच्या पश्चात रक्कम स्वीकारण्यासाठी नेमलेली व्यक्ती, त्या रकमेची मालक होते असे मानले जाते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारशाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये निकाल दिला, की नामनिर्देशनाने शेअर आदी रोख्यांची मालकी मिळत नाही; मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. या कुटुंबात मुलाला नॉमिनी केले आणि मृत्युपत्र नसले, तर आई आणि विवाहित बहीणही कायद्याने वाटेकरी राहतात. त्यामुळे दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र आणि सर्व खात्यांची एक यादी आवश्यक ठरते. ती यादी पत्नीच्या ताब्यात असावी आणि दरवर्षी पेरणीपूर्वी तिनेच ती पासबुकांशी ताडून पाहावी.

मुलीच्या कागदावर कदाचित असेही कारण असेल, की वडील एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले. जामीनदाराकडून बँक पूर्ण कर्ज वसूल करू शकते आणि त्यासाठी आधी मूळ कर्जदाराच्या मागे लागण्याचे बंधन तिच्यावर नसते. नात्यात नकार देणे अवघड असते, म्हणून तो नकार एकट्याचा नसावा: जामीनकीच्या कोणत्याही कागदावर पती-पत्नी दोघांच्या संमतीशिवाय सही करायची नाही, हा नियम बैठकीतच लिहून चौघांनी त्याखाली सह्या कराव्यात, म्हणजे मागणारा आला की त्याला दाखवण्यासारखा कागद घरात असतो.