विश्लेषण : ३६ रुग्णांच्या अभ्यासाने जगाला ‘कोविडचे औषध’ दिले, तपासणी सूचीत तो कुठे अडकला?

‘संशोधनात सिद्ध झाले’ असे म्हणणारी बातमी रोज मोबाइलवर येते. ते संशोधन किती विश्वासार्ह, हे ठरवण्यासाठी डॉक्टर आणि संशोधक ठरावीक प्रश्नांची एक सूची वापरतात. ती कशी चालते, हे समजून घेण्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा फ्रेंच अभ्यास हे उत्तम उदाहरण आहे.

अभ्यास काय होता?

फ्रान्समधील मार्सेच्या डिडिए राउल्ट यांच्या गटाचा हा शोधनिबंध मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मलेरिया आणि संधिवातावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविड रुग्णांना देऊन सहाव्या दिवशी नाकातील नमुन्यात विषाणू सापडतो का, हे त्यात पाहिले होते. औषध घेतलेल्या २० पैकी १४ जण, म्हणजे ७० टक्के, निगेटिव्ह आले. औषध न घेतलेल्या १६ जणांमध्ये हे प्रमाण अवघे १२.५ टक्के होते. अझिथ्रोमायसिनही दिलेले सहाच्या सहा रुग्ण निगेटिव्ह निघाले.

आकडे डोळे दिपवणारे होते. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी या जोडगोळीची जाहीर तारीफ केली. जगभर गोळ्यांची मागणी वाढली. भारतात मार्चअखेरीस केंद्र सरकारला या औषधाच्या विक्रीवर निर्बंध आणावे लागले.

तपासणी सूची म्हणजे काय?

अशा अनेक सूची आहेत. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे निव्वळ योगायोगाने झालेली नसेल, तर ‘रॉबिन्स-आय’ ही सूची वापरतात. तिच्यात पूर्वग्रह शिरू शकेल अशा सात जागा तपासल्या जातात. येथे पूर्वग्रह म्हणजे संशोधकाचा लबाड हेतू नव्हे. निकाल एकाच बाजूला ढकलणारी रचनेतील त्रुटी म्हणजे पूर्वग्रह. या अभ्यासाला त्यातले चार प्रश्न विचारून पाहू.

प्रश्न १ : दोन्ही गट सारखे होते का?

नव्हते. औषध मिळालेले सगळे रुग्ण मार्सेच्या रुग्णालयातील होते. तुलनेसाठी घेतलेल्यांपैकी काही मार्सेतील, पण औषधाला नकार दिलेले किंवा ते देण्यास अपात्र ठरलेले होते. बाकीचे इतर शहरांतील केंद्रांतून आले. औषध गटाचे सरासरी वय ५१, तर तुलना गटाचे ३७ होते.

वय जास्त असल्याने औषध गटाला उलट तोटाच झाला असेल, असे कुणी म्हणेल. तसे असूही शकते. अडचण वेगळीच आहे. रुग्णालय, उपचाराची पद्धत, आजाराचा टप्पा आणि चाचणी, हे सारेच दोन गटांत वेगळे असू शकते. मग दिसणारा फरक औषधामुळे की या बाकीच्या गोष्टींमुळे, हे सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकून वाटणी करतात ती याचसाठी.

प्रश्न २ : मध्येच गळलेल्यांचे काय झाले?

सूचीतला हा प्रश्न या अभ्यासात सर्वात बोलका ठरतो. औषध प्रत्यक्षात २६ जणांना सुरू केले होते, हिशेबात घेतले २०. उरलेल्या सहांपैकी तिघे अतिदक्षता विभागात गेले, एकाचा मृत्यू झाला, एकाने मळमळीमुळे औषध थांबवले आणि एक जण रुग्णालय सोडून गेला. सहाव्या दिवशीचा नमुना नाही, म्हणून हे सगळे वगळले गेले.

ही सहा नावे परत हिशेबात घेऊ. सहाही जण ‘बरे झाले नाहीत’ असे धरले, तर २६ पैकी १४, म्हणजे ५४ टक्के. निकाल घसरला, तरी १२.५ पेक्षा बराच वर राहिला. म्हणजे फक्त गळतीने हा निकाल कोसळत नाही. तो का डळमळतो, हे पुढच्या प्रश्नात कळते.

प्रश्न ३ : मोजले काय आणि कसे?

मृत्यू झालेल्या रुग्णाची चाचणी आदल्या दिवशी निगेटिव्ह होती. म्हणजे अभ्यासाच्या मोजपट्टीवर तो ‘यश’ ठरला असता. नाकात विषाणू न सापडणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोजपट्टी बदलून पाहा. ‘मृत्यू किंवा अतिदक्षता विभाग’ असा निकष लावला, तर औषध गटात २६ पैकी चार जण त्यात येतात. तुलना गटात असे घडल्याची नोंद शोधनिबंधात नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवरून औषध घातक होते असेही म्हणता येत नाही. पण त्याच रुग्णांचा निकाल निकष बदलताच उलटा दिसू लागतो.

मोजणीही सारखी नव्हती. तुलना गटातील काहींची सहाव्या दिवशी चाचणीच झाली नव्हती, तरी त्यांना पॉझिटिव्ह धरले. शिवाय कोणाला औषध दिले आहे, हे सर्वांना ठाऊक होते.

प्रश्न ४ : विश्लेषण आधी ठरल्याप्रमाणे झाले का?

अभ्यासाच्या पूर्वनोंदणीत चाचणीचे दिवस पहिला, चौथा, सातवा आणि चौदावा असे होते. निबंधात मुख्य निकाल सहाव्या दिवसाचा आला. संशोधकांच्या स्वतःच्या गणितानुसार ४८ रुग्ण हवे होते, निष्कर्ष ३६ वर जाहीर झाला. निकाल चांगला दिसतो तिथे थांबण्याची मोकळीक असली, की योगायोगही यशासारखा दिसू लागतो.

‘सहापैकी सहा’ हा आकडाही तपासा. एखाद्या उपचाराने खरोखर ७० टक्केच रुग्ण निगेटिव्ह होत असतील, तरी सहा-सहांचे १०० गट घेतल्यास सुमारे १२ गटांत सहाही जण निगेटिव्ह दिसतील, निव्वळ नशिबाने. शिवाय या सहांपैकी एक जण आठव्या दिवशी पुन्हा पॉझिटिव्ह आला.

मग गुण किती?

या सूचीत गुणांची बेरीज नसते. सातपैकी पाच जागा चांगल्या, म्हणून अभ्यास ‘पास’ होत नाही. सर्वात वाईट जागेचा शेरा तोच अख्ख्या अभ्यासाचा शेरा. दोन्ही गट मुळातच वेगळे असतील, तर पुढचे गणित कितीही चोख असले तरी ती त्रुटी भरून निघत नाही.

सूचीच्या मर्यादा काय?

औषध निरुपयोगी आहे, हे सूची सांगत नाही. या अभ्यासावरून ते कळू शकत नाही, एवढेच ती सांगते. उत्तर मिळाले ते ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून. तिथे रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती. औषध मिळालेल्या १,५६१ रुग्णांपैकी २८ दिवसांत २७ टक्के दगावले. नेहमीचे उपचार घेतलेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के. म्हणजे औषधाचा फायदा दिसला नाही. मोजले होते ते थेट मृत्यू, नाकातील विषाणू नव्हे.

फ्रेंच शोधनिबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. मागे घेताना नैतिक परवानगी आणि रुग्णांच्या संमतीबाबतचे प्रश्नही पुढे आले. ते पूर्वग्रहाच्या सूचीत येत नाहीत, वेगळे तपासावे लागतात.

वाचकाने काय पाहावे?

पुढच्या वेळी ‘७० टक्के बरे’ अशी बातमी आली, तर आधी दोन आकडे शोधा : उपचार सुरू किती जणांना केला आणि टक्केवारी किती जणांवर काढली. दोन्ही वेगळे असतील, तर मधल्या माणसांचे काय झाले ते वाचा. नंतर ‘बरे’ म्हणजे नेमके काय मोजले, ते पाहा. मूळ शोधनिबंधात हे बहुतेक वेळा पहिल्या तक्त्यात किंवा निकालांच्या सुरुवातीलाच सापडते. फ्रेंच अभ्यासातही ती सहा माणसे लपवलेली नव्हती. त्यांचे काय झाले, हे निबंधातच लिहिले होते.