स्टीव्हियावरचा बाथ केक

घरात मधुमेह शिरल्यामुळे आम्ही रवा-नारळाचा बाथ केक स्टीव्हिया घालून करून पाहिला. कृतीत साखर होती 200 ग्रॅम. शुद्ध स्टीव्हिया साखरेच्या 200 ते 300 पट गोड, म्हणून जेमतेम एक ग्रॅम पुरले. गोडीचा हिशेब जुळला, पण मिश्रणातले 199 ग्रॅम कमी झाले. साखर लोण्याबरोबर फेटताना हवा धरते आणि भाजताना ओलावा राखते. ती नसल्याने केक बसका आणि कोरडा झाला. वरून फिकटही राहिला, कारण साखर तापून तांबूस होते तशी स्टीव्हिया होत नाही. रंगाची वाट पाहत आम्ही दहा मिनिटे जास्त भाजला, तर आणखी सुकला.

एरिथ्रिटॉलने वजन भरते, पण तेही तांबूस होत नाही आणि जिभेला गारवा लागतो.

दुसऱ्या खेपेस निम्मी साखर ठेवली, बाकीच्या गोडीसाठी अर्धा ग्रॅम स्टीव्हिया आणि भरीला अर्धी वाटी घट्ट दही घातले. केक मऊ राहिला, रंगही आला. मात्र भाजला की नाही हे रंगावरून ठरवू नये, सुरी खुपसून पाहावे. साखर निम्मीच कमी झाली आहे, तेव्हा मधुमेह्यांनी तुकडा लहानच घ्यावा.