पाच लाखांची ठेव-हमी: कोणाला, कशावर आणि किती दिवसांत

एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्याची बातमी आली की तासाभरात शाखेसमोर रांग लागते. रांगेत पाच लाखांच्या विम्याबद्दल जे बोलले जाते, त्यातले बरेचसे अर्धवट किंवा चुकीचे असते. हा विमा ठेव विमा व पतहमी महामंडळ देते. हे महामंडळ रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीचे असून त्याचे कार्यालय मुंबईत आहे. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण दर ठेवीदारामागे फक्त १,५०० रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते एक लाखावर आले आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाले. पुढचा मोठा बदल १ सप्टेंबर २०२१ रोजी लागू झाला. बँकेचा परवाना रद्द होण्याची वाट न पाहता, निर्बंध आल्यावरही विम्याचे पैसे देण्याची तरतूद तेव्हा झाली. सध्याचे बहुतेक गैरसमज या दोन बदलांभोवती आहेत.

सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज असा की विमा खात्यामागे मिळतो. म्हणजे बचत खात्याला पाच लाख, मुदत ठेवीला पाच लाख आणि दुसऱ्या शाखेतल्या पावतीला आणखी पाच लाख. प्रत्यक्षात मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेपुरती आहे. त्या बँकेच्या सर्व शाखांतली बचत, चालू, मुदत आणि आवर्ती खाती एकत्र धरली जातात आणि बेरजेला पाच लाखांची मर्यादा लागते. ठेवी दोन वेगवेगळ्या बँकांत असतील, तर प्रत्येक बँकेसाठी पाच लाखांचे संरक्षण स्वतंत्र असते. वारस म्हणून नामनिर्देशन केल्याने ही मर्यादा वाढत नाही. ठेवीदार एकच राहतो.

विमा फक्त मुद्दलावर असतो, हाही गैरसमज आहे. मुद्दल आणि ठरलेल्या तारखेपर्यंतचे व्याज या दोन्हींच्या बेरजेला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. चार लाख नव्वद हजारांच्या ठेवीवर सात हजार व्याज जमा झाले असेल, तर पूर्ण चार लाख सत्त्याण्णव हजार विम्यात बसतात. मुद्दलच पाच लाख असेल, तर व्याजाला जागा उरत नाही. व्याज वगळलेले आहे असे नाही, मर्यादा भरली आहे एवढेच. म्हणून एकाच बँकेत नेमकी पाच लाखांची पावती करणाऱ्याने व्याजाचा हिशेब आधी करायला हवा.

एका काल्पनिक उदाहरणाने बेरीज कशी होते ते पाहता येईल. एका नागरी सहकारी बँकेत एका दुकानदार बाईंचे ८०,००० रुपये बचत खात्यात आहेत. दुसऱ्या शाखेत ३,५०,००० ची मुदत ठेव आहे आणि तिच्यावर ३०,००० व्याज जमले आहे. दुकानाचे चालू खाते दुकानाच्या नावाने आहे आणि त्यात १,२०,००० आहेत. दुकान एकट्या बाईंच्या मालकीचे असल्याने ते खाते वेगळ्या व्यक्तीचे धरले जात नाही. बेरीज ५,८०,००० होते. त्यातले पाच लाख विम्यात आणि ८०,००० विम्याबाहेर. दुकानाच्या नावामुळे आपल्याला दुसरे पाच लाख मिळतील, असे अनेक छोट्या व्यापाऱ्यांना मनापासून वाटते आणि नेमका तिथेच त्यांना फटका बसतो. दुकान भागीदारी संस्थेचे असते, तर तिचे खाते मात्र स्वतंत्र ठेवीदाराचे ठरले असते.

याच बाईंचे पतीसोबत संयुक्त खाते असेल आणि त्यात चार लाख असतील, तर ते वरच्या बेरजेत मिळवले जात नाहीत. संयुक्त ठेव ही वेगळ्या नात्याने आणि वेगळ्या हक्काने ठेवलेली ठेव मानली जाते. तिला स्वतःचे पाच लाखांचे संरक्षण मिळते. इथे नावांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिले नाव बाईंचे व दुसरे पतीचे असलेली सर्व संयुक्त खाती मिळून एक गट होतो, तर पहिले नाव पतीचे असलेली खाती हा दुसरा गट. दोन्ही गटांना पाच-पाच लाखांचे संरक्षण आहे. मुलीच्या नावाने पालक म्हणून ठेवलेली ठेवही बाईंच्या स्वतःच्या ठेवीत मिसळली जात नाही. सगळी खाती घरातलीच असली, तरी हिशेब मात्र ठेव कोणत्या नात्याने ठेवली आहे यावर होतो.

आता याच बाईंनी त्या बँकेतून सोनेतारण कर्ज घेतले आहे आणि बँकेला त्यापोटी ४०,००० रुपये येणे आहेत असे समजू. बँकेला आपले येणे ठेवीतून वळते करण्याचा हक्क आहे. पण ही वजावट विम्याच्या पाच लाखांतून होते, असे अनेकांना वाटते. कायद्यातला क्रम उलटा आहे. आधी एकूण ठेवीतून येणे वजा होते, म्हणजे ५,८०,००० वजा ४०,००० मिळून ५,४०,००० उरतात. मर्यादा त्यानंतर लागते. त्यामुळे बाईंना विम्याचे पूर्ण पाच लाख मिळतात, कर्जाची बाकीही फिटते आणि विम्याबाहेर ४०,००० राहतात. एकूण ठेवच पाच लाखांच्या आत असती, तर मात्र वजावटीचा भार थेट हाती येणाऱ्या रकमेवर पडला असता.

दुसरा मोठा गोंधळ मुदतीचा आहे. २०२१ च्या आधी विम्याचे पैसे साधारणपणे बँक अवसायनात गेल्यावरच मिळत. निर्बंध मात्र वर्षानुवर्षे चालत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. त्यातला बहुतेक काळ ठेवीदारांच्या हातात विम्याचे पैसे आले नाहीत. आजारपण, मुलांची फी, घरभाडे यांपैकी काहीही त्यासाठी थांबले नव्हते. नव्या तरतुदीने या प्रतीक्षेला ९० दिवसांची मुदत घातली. निर्बंध आल्यापासून ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी व दावे महामंडळाकडे पाठवायचे, पुढच्या ३० दिवसांत महामंडळाने ते तपासायचे आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे, असे तिचे टप्पे आहेत.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीत हे टप्पे तारखांसह दिसतात. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध आले. पंचेचाळीस दिवस ३० मार्चला भरले आणि नव्वद दिवस १४ मेला. ठेवीदारांनी कागदपत्रे देण्याची अंतिम तारीख ३० मार्च होती आणि विम्याचे पैसे देण्याची तारीख १४ मे. नंतर ऑगस्टमध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे निर्बंध आले की बँक बुडालीच, हेही खरे नाही. निर्बंध ही मधली अवस्था आहे. तिचा शेवट बँक पूर्ववत सुरू होण्यात, विलीनीकरणात किंवा परवाना रद्द होण्यात, असा तीनपैकी कोणताही होऊ शकतो.

या नव्वद दिवसांना एक अपवाद आहे, आणि तो न कळल्याने लोकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. बँक वाचवण्याची किंवा विलीन करण्याची योजना तयार होत असेल आणि रिझर्व्ह बँकेला ते योग्य वाटले, तर मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढू शकते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांना याच कारणाने पहिल्या फेरीत पैसे मिळाले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथे सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

पैसे आपोआप खात्यात जमा होतात, असेही अनेक जण धरून चालतात. निर्बंधांच्या काळात मात्र ठेवीदाराला विम्याची रक्कम हवी असल्याची संमती लेखी द्यावी लागते. सोबत ओळखीची कागदपत्रे आणि रक्कम जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. संमतीपत्र न भरलेल्या ठेवीदाराचे नाव पहिल्या यादीत येत नाही आणि त्याचे पैसे मागे पडतात. वृद्ध ठेवीदारांचे नुकसान बहुधा इथेच होते. पत्ता बदललेला असतो, फोन नंबर जुना असतो, संयुक्त खात्यातला एक जण परगावी असतो. यासाठी बँकेकडून कसलेही शुल्क घेतले जात नाही. विम्याचा हप्ताही बँकच भरते, ठेवीदाराच्या खात्यातून तो वजा करता येत नाही. म्हणून कोणी दलाल पुढे होऊन लवकर पैसे मिळवून देतो म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

पाच लाखांवरची रक्कम बुडाली, असे समजून काही जण कागदपत्रे फाडून टाकतात. हेही चूक आहे. विम्याबाहेरची रक्कम हे ठेवीदाराचे बँकेकडचे येणे असते आणि ते कायम राहते. बँक विलीन झाली तर योजनेप्रमाणे ते मिळते. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या योजनेत मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत विभागलेली आहे. बँक अवसायनात गेली तर अवसायक कर्जवसुली व मालमत्ता विक्रीतून जमेल तसे देतो. त्याची हमी नसते आणि वेळही ठरलेली नसते. मात्र पावत्या नसतील तर हक्क सिद्ध करणेच अवघड होते.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त त्रास देणारा गैरसमज पतसंस्थांबाबतचा आहे. पतसंस्थेतली ठेव या विम्यात येत नाही. सहकार कायद्याखाली नोंदलेली, गावात शाखा असलेली, बँकेसारखेच पासबुक देणारी आणि दैनंदिन ठेव गोळा करायला एजंट पाठवणारी पतसंस्था ही बँक नसते. बहुराज्य पतसंस्थेलाही हेच लागू आहे. कंपनीत ठेवलेल्या मुदत ठेवीही या संरक्षणाबाहेर आहेत. टपाल खात्यातल्या ठेवींवर महामंडळाचा विमा नाही, पण तिथे सरकारची स्वतःची जबाबदारी असते.

आपली संस्था कोणत्या गटात बसते हे पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी असते. १ सप्टेंबर २०२३ पासून विमाधारक बँकांनी आपल्या संकेतस्थळावर महामंडळाचे बोधचिन्ह आणि क्यूआर कोड दाखवणे आवश्यक आहे. संस्थेच्या नावात किंवा जाहिरातीत काहीही असले, तरी यादीत नाव नसेल तर त्या ठेवीवर हा विमा नाही.