अहवालात ‘सुधारणा आहे’ एवढंच नको

समजा, बिदर जिल्ह्यातल्या औरादच्या सहा वर्षांच्या मुलाचा ‘क’ ‘त’ होतो. तो ‘काका’ला ‘ताता’ म्हणतो. वाचा-उपचारतज्ज्ञाच्या अहवालात ‘सुधारणा चांगली’ असं वाचून आईला काय कळणार?

त्यापेक्षा असं लिहावं: ‘तीन महिन्यांपूर्वी चित्रं पाहून 20 पैकी 4 शब्दांत क नीट आला, आज 15 शब्दांत. वाक्यात मात्र 20 पैकी 7 वेळा, तेही एकदा आठवण दिल्यावर. पुढचं उद्दिष्ट : आठवण न देता 12.’ मोजणीचे शब्द सरावातले नसावेत. नाहीतर पाठांतरच मोजलं जातं.

बिदर-कलबुर्गीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथं अनेक मुलांच्या घरी मराठी, शाळेत कन्नड, गल्लीत दखनी. बोली कन्नडमध्ये महाप्राण अनेकदा गळतात, त्यामुळे मूल ‘भाकरी’ला ‘बाकरी’ म्हणालं तर तो दोष नसून शेजारच्या भाषेची छाप असू शकते. आजूबाजूची माणसंही तसंच बोलतात का, हे आधी पाहावं. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे भाषेचं नाव हवंच.

शिक्षकांसाठी एकच ओळ पुरते: ‘चुकला तर वर्गासमोर पुन्हा म्हणायला लावू नका, तोच शब्द तुम्ही नीट उच्चारून संवाद पुढे न्या.’

पालकांनी मराठी आणि शाळेसाठी कन्नड, अशा दोन्ही प्रती मागून घ्याव्यात.