मृत्युपत्र वाचताना : कोणाला, काय आणि कोणत्या अटीवर

घरातील कर्ता पुरुष गेल्यावर कपाटातून मृत्युपत्र निघते आणि बहुधा ते एकदाच, मोठ्याने वाचले जाते. प्रत्येकजण आपले नाव येते का, एवढेच ऐकतो. वास्तविक हा दस्तऐवज कागद-पेन्सिल घेऊन, परिच्छेदांना क्रमांक देत वाचावयाचा असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या मृत्युपत्रात परिच्छेद 3 म्हणतो, "राहते घर पत्नीस पूर्ण मालकीने". परिच्छेद 4 नुसार बँकेतील 6 लाखांची मुदत ठेव मुलीस मिळावयाची आहे. परिच्छेद 7 सांगतो, "पत्नीच्या पश्चात घर धाकट्या मुलास, त्याने आईचा सांभाळ केल्यास", तर परिच्छेद 9 म्हणतो, "बँकेतील सर्व ठेवी दोन्ही मुलांस समान". निष्पादक म्हणून एका मित्राचे नाव आहे. तो आधीच वारला आहे.

यादी करताना प्रत्येक देणगीसमोर लाभार्थी, मिळकत, अट आणि परिच्छेद क्रमांक लिहावा. घर आणि मुदत ठेव यांच्यासमोर दोन-दोन नावे आली, की विसंगती आपोआप दिसते. ठेवीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 82 नुसार कोणत्याही वाक्याचा अर्थ संपूर्ण मृत्युपत्रावरून लावावयाचा असतो. त्यामुळे "सर्व ठेवी" म्हणजे मुलीची ठेव वगळून उरलेल्या, असा मेळ घालता येतो का, हे प्रथम पाहिले जाते. मेळ बसतच नसेल तर कलम 88 नुसार नंतरचे वाक्य प्रभावी ठरते. म्हणजे मुलीची ठेव जाते.

घराच्या बाबतीत मात्र "शेवटचे वाक्य खरे" हा नियम यांत्रिकपणे लावणे धोक्याचे ठरते. पत्नीस खरोखर पूर्ण मालकी दिली असेल, तर तीच मिळकत पुढे दुसऱ्यास देण्याचा अधिकार मृत्युपत्रकर्त्याकडे उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मौलेश्वर मणी प्रकरणात पत्नीनंतरची अशी देणगी निष्प्रभ ठरविली. उलट, संपूर्ण मजकुरावरून पत्नीस केवळ तहहयात उपभोग द्यावयाचा होता असे दिसल्यास धाकट्या मुलाचा हक्क टिकतो. विधवेस घर विकता येईल की नाही, हे यावरच अवलंबून आहे. म्हणून यादीत दोन्ही अर्थ नोंदवावेत, मूळ शब्द जसेच्या तसे उतरवावेत आणि निर्णय वकिलावर व न्यायालयावर सोडावा. "सांभाळ" कोण ठरविणार, हे मृत्युपत्रात नाही, हेही लिहावे.

प्रोबेट केवळ मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकासच मिळते. येथे तो हयात नसल्याने मृत्युपत्रासह प्रशासनपत्रासाठी अर्ज करावा लागेल. मुंबई, चेन्नई, कोलकाता येथे अनेक मृत्युपत्रांना प्रोबेट अनिवार्य करणारे कलम 213 हे 2025 च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. तरीही भावंडांत वाद असेल, तेथे न्यायालयाचा आदेश घेणेच इष्ट.