पहिल्या ठोक्याआधीचे काही मिलिसेकंद

४ मार्च १९९९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून उडालेल्या विमानाच्या पोटाखालून एक पेगॅसस रॉकेट सुटलं आणि नासाची ‘वायर’ नावाची छोटी दुर्बीण घेऊन वर गेलं. दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३० सेंटिमीटरचा. ज्या दीर्घिकांमध्ये तारे झपाट्याने जन्माला येतात, त्यांचा चार महिने अवरक्त प्रकाशात वेध घ्यायचा होता. या प्रकाशात दुर्बीण स्वतःच थोडी कोमट असली तरी तिचीच उष्णता चित्र झाकून टाकते. म्हणून ती गोठवलेल्या घन हायड्रोजनच्या सान्निध्यात ठेवलेली होती आणि वर घट्ट झाकण होतं. यान कक्षेत नीट स्थिरावल्यावर, काही दिवसांनी, लहानशा स्फोटक यंत्रणेने ते झाकण उडवायचं असं ठरलं होतं.

झाकण उडालं, पण दिवस आधी. स्फोटकं पेटवणाऱ्या पेटीला पहिल्यांदा वीज दिली त्याच क्षणी. ‘पेटव’ असा हुकूम कुणीच सोडलेला नव्हता. आत ऊन आणि पृथ्वीची ऊब शिरली, हायड्रोजन धडाधड वायू होऊन बाहेर पडू लागला आणि त्या झोताने यान मिनिटाला सुमारे साठ फेऱ्या घेत गरगरू लागलं. मूळ संशोधन सुरू होण्याआधीच संपलं.

चौकशीत बोट त्या पेटीतल्या एका चिपकडे गेलं. चिप बिघडलेली नव्हती. वीज मिळाल्यावर पहिल्या काही मिलिसेकंदांत ती जशी वागते तशीच वागली होती. तो काळ आराखड्यात नीट धरलेलाच नव्हता.

डिजिटल सर्किटची आठवण फ्लिप-फ्लॉपमध्ये असते. एक फ्लिप-फ्लॉप एक बिट धरतो, शून्य किंवा एक. आत, ढोबळमानाने, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेले दोन उलटवणारे दरवाजे असतात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला. एक वर असला की दुसरा खाली, आणि दोघे एकमेकांना तसंच धरून ठेवतात. क्लॉकचा ठोका पडला की नवा बिट आत येतो. एरवी जुनाच टिकतो.

पण वीज नुकतीच येत असते तेव्हा जुना बिटच नसतो. व्होल्टेज शून्यापासून चढत असतं आणि दोन्ही बाजू सारख्याच अधांतरी असतात. कोणती बाजू जिंकेल हे अगदी क्षुल्लक गोष्टी ठरवतात: कारखान्यात दोन ट्रान्झिस्टरांत राहिलेला सूक्ष्म फरक, तापमान, व्होल्टेज चढण्याचा वेग, थोडासा विद्युत गोंगाट. याला नाणेफेक मात्र म्हणता येत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. एकाच चिपमधला एकच फ्लिप-फ्लॉप बहुतेक वेळा एकाच बाजूला झुकतो. त्यामुळे तुमच्या टेबलावरचा बोर्ड शंभरदा चालू केला तरी शंभरदा नीट चालतो, आणि त्याच आराखड्याचा दुसरा बोर्ड, किंवा तोच बोर्ड थंडीत, भलत्याच अवस्थेत उठतो. वीज घालवून लगेच परत दिली तर आत उरलेल्या विद्युतभारामुळे आधीचाच बिट परत येऊ शकतो, म्हणून घाईघाईने बंद-चालू करून केलेली चाचणीही फसवते.

आता एक लहानसं यंत्र घेऊ. हा ‘वायर’चा खरा नकाशा नव्हे, समजण्यासाठी केलेला आहे. यात दोन फ्लिप-फ्लॉप: armed म्हणजे सज्ज आणि fire म्हणजे पेटव. शून्य-शून्य ही विश्रांती. सज्ज होण्याचा हुकूम आला की armed एक होतो, आणि तो एक असतानाच पेटवण्याचा हुकूम आला तर fire एक होतो. कागदावर हे सुरक्षित दिसतं, कारण विश्रांतीतून थेट स्फोटाकडे वाट नाही. पण दोन बिटांच्या चार जोड्या होतात आणि वीज येताना यंत्र चारपैकी कुठल्याही जोडीत उठू शकतं. त्यातल्या दोन जोड्यांत fire एक आहे. वाट नसली तरी यंत्र थेट मुक्कामावरच उतरू शकतं.

म्हणून सुरुवातीची अवस्था बाहेरून लादावी लागते. त्याला रिसेट म्हणतात, आणि तो सहसा असा लिहितात:

```verilog
always @(posedge clk)
  if (!rst_n) fire <= 0;
  else        fire <= armed & fire_cmd;
```

रिसेट आहे, तरी भोक आहे. पहिली ओळ सांगते की जे काही व्हायचं ते क्लॉकच्या ठोक्यावर. ठोका पडेपर्यंत रिसेटची तार कितीही ओरडली तरी fire आपल्या मनाचा मालक. आणि ठोके देणारा क्रिस्टल ऑसिलेटर वीज येताच धावू लागत नाही. त्याला सूर धरायला काही मिलिसेकंद लागतात. स्फोटकाला तेवढा वेळ पुरेसा असतो. ‘वायर’मध्ये नेमकं हेच एक कारण ठरलं: रिसेट क्लॉकवर अवलंबून होता आणि क्लॉक उशिरा उठला. दुसरं कारण चिपच्या जातीचं. त्या प्रकारच्या चिपमध्ये आतलं वाढीव व्होल्टेज तयार होईपर्यंत बाहेरच्या पिना आराखड्याचं ऐकतीलच अशी हमी नसते.

पहिल्या दोषावर उपाय सोपा आहे:

```verilog
always @(posedge clk or negedge rst_n)
```

आता रिसेटची तार खाली असेपर्यंत, ठोका असो वा नसो, fire शून्यच राहतो. व्होल्टेज पुरेसं चढून क्लॉक स्थिर होईपर्यंत ती तार खाली धरून ठेवणारं छोटं सर्किट वेगळं लागतं. रिसेट सोडताना मात्र क्लॉकची संगत हवी, कारण तो ऐन ठोक्याच्या तोंडावर सुटला तर काही फ्लिप-फ्लॉप या ठोक्याला जागे होतात, काही पुढच्या. म्हणून सोडण्याचा इशारा आधी दोन फ्लिप-फ्लॉपांच्या साखळीतून नेतात. दुसऱ्या दोषाला चिपच्या आतून उत्तर नाही. तिथे पिनेला बाहेरून रेझिस्टर लावून ती शून्याकडे ओढतात, आणि स्फोटकाच्या वीजवाटेत या चिपच्या ताब्यात नसलेला आणखी एक स्विच ठेवतात.

हे सिम्युलेटरमध्ये दिसायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. दिसतं, पण अर्धवट. व्हेरिलॉगचा सिम्युलेटर अनोळखी बिटाला `x` म्हणतो आणि तो पुढे पसरताना दाखवतो. मात्र `if (armed) fire <= 1; else fire <= 0;` असं लिहिलं आणि armed `x` असला, तर सिम्युलेटर गुपचूप `else` मध्ये शिरतो आणि पडद्यावर स्वच्छ शून्य येतं. खऱ्या चिपमध्ये तिथे एक असू शकतो. उलट प्रत्येक ठोक्याला स्वतःला उलटवणारा साधा फ्लिप-फ्लॉप सिम्युलेटरमध्ये कायम `x` दाखवतो, तर टेबलावर तो बिनतक्रार चालतो. पहिल्या प्रकारात खोटा दिलासा, दुसऱ्यात खोटी भीती; मला पहिल्याची धास्ती जास्त वाटते.

सगळ्या फ्लिप-फ्लॉपांना रिसेट लागतोच असंही नाही. नुसती आकडेमोड पुढे ढकलणाऱ्या रांगेतला कचरा काही ठोक्यांत आपोआप बाहेर पडतो. तोवर ‘आकडा खरा आहे’ सांगणारा एक बिट शून्य असला की पुरे. काही प्रोग्रॅमेबल चिपा चालू होताना आपला नकाशा स्मृतीतून वाचतात आणि त्यासोबत प्रत्येक फ्लिप-फ्लॉपची सुरुवातही ठरवून देतात, म्हणून तिथे कोडमधला `initial` खरा ठरतो. कायमच्या घडवलेल्या चिपमध्ये मात्र त्याच ओळीला काही अर्थ उरत नाही. एकीकडचं कोड दुसरीकडे नेताना हे हमखास निसटतं.

टेबलावर दोष पकडायचा असेल तर बोर्ड बराच वेळ बंद ठेवायचा, वीज कधी पटकन तर कधी सावकाश चढवायची, गरम आणि थंड दोन्ही करून पाहायचं, आणि ऑसिलोस्कोप क्लॉकवर नाही तर शेवटच्या पिनेवर, वीज येण्याच्या क्षणालाच लावायचा.