बॅटरी ३.७० व्होल्ट, पडद्यावर ३.४२

ईएसपी-३२ या वाय-फाय मायक्रोकंट्रोलरवर लिथियम सेलचं व्होल्टेज मोजायचं तर नेहमीची जोडणी सोपी असते. एक लाख ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावायचे, मधल्या सांध्यावर सेलचं निम्मं व्होल्टेज मिळतं, ते ३४ क्रमांकाच्या पिनला द्यायचं. बोर्ड ० ते ४०९५ यांमधला एक आकडा देतो. त्याला ३.३ ने गुणून ४०९५ ने भागलं आणि उत्तर दुप्पट केलं की झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. मग सेलला मल्टिमीटर लावला तर तो ३.७० दाखवतो आणि मोबाइलवर ३.४२ दिसतात. ३.७० व्होल्टला सेलमध्ये बराच जीव शिल्लक असतो, ३.४२ म्हणजे तो संपत आलेला. या आकड्यावर विसंबलेलं यंत्र बॅटरीत जीव शिल्लक असतानाच झोपी जाईल.

सेल, रेझिस्टर आणि गणित यांत काहीच चुकलेलं नसतं. चुकतं ते गृहीतक. शून्य व्होल्टला ०, ३.३ व्होल्टला ४०९५ आणि मध्ये सरळ रेघ, असा हा चिप वागतच नाही.

चिपमधला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, बाहेरून आलेल्या व्होल्टेजची तुलना आतल्या सुमारे १.१ व्होल्टच्या संदर्भाशी करतो. त्याहून मोठं व्होल्टेज मोजता यावं म्हणून ते आधी आतल्या आत कमी केलं जातं. या कमी करण्यालाच अटेन्युएशन म्हणतात आणि त्याच्या चार पायऱ्या आहेत: ०, २.५, ६ आणि ११ डेसिबल. एस्प्रेसिफ या उत्पादक कंपनीच्या कागदपत्रांत प्रत्येक पायरीचा भरवशाचा पट्टा दिलेला आहे. ० डेसिबलला तो १०० ते ९५० मिलिव्होल्ट, ६ डेसिबलला १५० ते १७५० आणि ११ डेसिबलला १५० ते २४५० मिलिव्होल्ट असतो. आर्डुइनोच्या वातावरणात काहीही न सांगता पिन वाचली तर ११ डेसिबलची पायरी लागू होते. म्हणजे ३.३ व्होल्टपर्यंतचं सगळं नीट मोजलं जाईल ही अपेक्षा मुळात कंपनीनेही ठेवलेली नाही.

त्यात आणखी एक भर असते. १.१ व्होल्टचा तो संदर्भ प्रत्येक चिपमध्ये नेमका तेवढाच नसतो, १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले दोन बोर्ड एकाच व्होल्टेजला वेगवेगळे आकडे देतात ते यामुळे.

वाकडेपणा डोळ्यांनी पाहायचा असेल तर दहा हजार ओहमचा एक पोटेन्शियोमीटर पुरतो. त्याची टोकं ३.३ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय पिनला आणि त्याच पायावर मल्टिमीटर. २ व्होल्टच्या आतले बिंदू मोजताना मल्टिमीटरचा गोल खटका २० वर न ठेवता २ वर ठेवावा. साध्या मल्टिमीटरमध्ये २० वर शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा असतो, २ वर १ मिलिव्होल्टचा. आता खुंटी हळूहळू फिरवायची. साधारण ०.१४ व्होल्टपर्यंत बोर्ड शून्यच दाखवत राहतो. तिथून आकडे चढू लागतात आणि बरेच अंतर सरळ चढतात, पण त्या सुरुवातीच्या उशिरामुळे सतत मागे राहतात. अडीच व्होल्टनंतर चढ अचानक तीव्र होतो आणि ३.३ व्होल्ट गाठण्याआधीच ४०९५ वर येऊन थांबतो.

नमुन्यादाखल एका बोर्डाचे आकडे घेऊ. १ व्होल्टला १०६६, १.५ ला १६८८, २ ला २३०३, २.५ ला २९२९ आणि ३ व्होल्टला ३७९०. आधीच्या प्रत्येक अर्ध्या व्होल्टला ६२० च्या आसपास वाढ आहे, शेवटच्या अर्ध्या व्होल्टला मात्र ८६१. एकाच गुणकाने ही सगळी रेघ सरळ होणार नाही हे इथेच दिसतं. म्हणूनच एक छोटा तक्ता करायचा: सात-आठ जागी खरं व्होल्टेज आणि कच्चा आकडा टिपायचा आणि लगतच्या दोन बिंदूंमध्ये तेवढ्यापुरती सरळ रेघ धरायची. वाकलेल्या भागात बिंदू थोडे दाट घ्यावेत.

```
const int raw[] = {72, 443, 1066, 1688, 2303, 2929, 3315, 3790};
const int mv[]  = {200, 500, 1000, 1500, 2000, 2500, 2750, 3000};

int toMv(int r) {
  if (r <= raw[0]) return mv[0];
  for (int i = 1; i < 8; i++)
    if (r <= raw[i])
      return mv[i-1] + (r - raw[i-1]) * (mv[i] - mv[i-1])
                       / (raw[i] - raw[i-1]);
  return mv[7];
}
```

आता पुन्हा त्या सेलकडे. पिनवर कच्चा आकडा आला होता २१२०. तो १६८८ आणि २३०३ यांच्या मध्ये पडतो. १६८८ पासून तो ४३२ ने पुढे आहे आणि दोन बिंदूंमधलं अंतर ६१५ आहे. ५०० मिलिव्होल्टचा तेवढा वाटा ३५१ होतो. १५०० मध्ये तो मिळवला की १८५१ मिलिव्होल्ट आणि दुप्पट केल्यावर ३.७० व्होल्ट. मल्टिमीटर हेच सांगत होता.

तक्ता जमला की नाही हे तक्त्यातल्याच बिंदूंवर तपासून कळत नाही. तिथे उत्तर बरोबरच येणार. ०.७५, १.७५ किंवा २.६ व्होल्ट असं मधलं काहीतरी देऊन पाहावं. प्रत्येक बिंदूला ६४ वेळा वाचून सरासरी घ्यावी, कारण वाय-फाय संदेश पाठवत असताना पुरवठा थरथरतो आणि आकडे नाचतात. तक्ता करतानाही वाय-फाय चालूच ठेवावं. मात्र सरासरीने फक्त नाच थांबतो, वाकडेपणा तसाच राहतो. या दोन दुखण्यांची गल्लत फार होते आणि मग हजार-हजार वाचनांची सरासरी घेऊनही उत्तर तेवढंच चुकतं.

काही गोष्टी तक्त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. जिथे बोर्ड ० किंवा ४०९५ वर अडकतो तिथे माहितीच उरलेली नसते. तक्ता एका चिपचा आणि एकाच पायरीचा असतो; चिप किंवा अटेन्युएशन बदललं की तो नव्याने करावा लागतो. एडीसीच्या दुसऱ्या गटातल्या पिनाही या कामात टाळाव्यात, कारण वाय-फाय चालू असताना त्या वाचता येत नाहीत. ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पिना पहिल्या गटात मोडतात.

सेलच्या जोडणीत आणखी एक खाच आहे. एक लाख ओहमच्या रेझिस्टरांमधून एडीसीला नमुना घेण्यापुरताही प्रवाह पटकन मिळत नाही, म्हणून पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. तिथेच मल्टिमीटर टेकवला तर तोही थोडा प्रवाह ओढतो आणि व्होल्टेज सुमारे अर्ध्या टक्क्याने खाली येतं. या जोडणीत खरं व्होल्टेज सेलच्या टोकांवर मोजणं बरं.

खूप बोर्ड असतील तर प्रत्येकाचा तक्ता करणं परवडत नाही. २०१८ पासूनच्या चिपांमध्ये कारखान्यातच मोजलेला संदर्भ कायमचा कोरलेला असतो. `espefuse.py adc_info` ही आज्ञा दिली की तो दिसतो आणि `analogReadMilliVolts()` हे फंक्शन तो वापरून थेट मिलिव्होल्ट देतं. हाताने केलेल्या तक्त्याची गरज त्याहून अचूक उत्तर हवं असेल तेव्हाच उरते.

सेलपुरतं बोलायचं तर याहूनही चांगली वाट आहे. वरचा रेझिस्टर दोन लाख ओहमचा घेतला की पिनवर एक तृतीयांश व्होल्टेज येतं. ३.० ते ४.२ व्होल्टची सेल मग १.० ते १.४ व्होल्टमध्ये मावते आणि `analogSetPinAttenuation(34, ADC_6db)` लिहून ६ डेसिबलची पायरी वापरता येते. तिच्या पट्ट्याच्या आतला हा सरळ भाग आहे. कच्चा आकडा एकाने बदलला तर सेलचं व्होल्टेज आधी १.६ मिलिव्होल्टने बदलत असे, आता १.३ ने बदलतं. आणि आठ बिंदूंच्या तक्त्याऐवजी ३.० आणि ४.२ व्होल्टला घेतलेले दोनच बिंदू पुरतात.